‘आपापला’ आणि ‘एकच’

मराठीत ‘आपापला’ असा एक शब्द आहे, आणि त्याच्या समोर उभा राहणारा ‘एकच’ असा दुसरा. ‘प्रत्येकाने आपापला दिवा आणावा’ आणि ‘सगळ्यांना मिळून एकच दिवा पुरावा’ या दोन वाक्यांतला फरक शाळकरी मुलालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात दिव्यांची संख्या माणसांच्या संख्येवर सोडलेली आहे. दुसऱ्यात ती आधीच बांधून टाकलेली आहे. गणितातील विश्लेषण नावाच्या शाखेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जो मोठा घोटाळा झाला, तो वस्तुतः या दोन वाक्यांच्या सरमिसळीचा घोटाळा होता. ज्या भाषांत ही सरमिसळ झाली त्यांत ‘आपापला’सारखा एका शब्दात वाटून देणारा शब्द नव्हता, हे कारण पुढे करणे मात्र अतिशयोक्तीचे होईल, कारण मराठीत शिकणारा विद्यार्थीही तीच चूक करतो, आणि तितक्याच आत्मविश्वासाने करतो.

ऑगस्टीन-लुई कोशी या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरील पाठ्यग्रंथ १८२१ साली प्रसिद्ध झाला. सीमा, सांतत्य, अभिसरण या कल्पनांना त्याने जी शिस्त लावली तिच्यावरच पुढची इमारत उभी राहिली. त्याच ग्रंथात त्याने असे एक विधान सिद्ध केले की, संतत फलनांची अनंत श्रेढी जर अभिसारी असेल, तर तिची बेरीजही संतत असते. सिद्धता लहान आणि डौलदार होती. १८२६ साली नील्स हेन्रिक आबेल या तरुण नॉर्वेजियन गणितज्ञाने आपल्या द्विपद श्रेढीवरील लेखाच्या एका तळटीपेत, या विधानाला अपवाद असावेत असे दिसते, अशा अतिशय सभ्य शब्दांत पुढील श्रेढी मांडली:

sin x − (1/2) sin 2x + (1/3) sin 3x − …

−π आणि π यांच्या मध्ये कुठेही x घेतला, तर या श्रेढीची बेरीज x/2 येते. x उजवीकडे π च्या जवळ सरकत जाईल तशी बेरीज π/2 कडे जाते; पण प्रत्यक्ष π वर प्रत्येक पद शून्य असल्यामुळे बेरीजही शून्य, आणि π ओलांडताच ती −π/2 पासून पुन्हा चढू लागते. प्रत्येक पद गुळगुळीत, आणि बेरजेत मात्र कडा. फूर्येच्या उष्णतेवरील १८२२ च्या ग्रंथामुळे अशा श्रेढ्या त्या काळी सर्वांच्या परिचयाच्या झाल्या होत्या, त्यामुळे उदाहरण दुर्मीळ नव्हते. धिटाई लागली ती ते कोशीच्या विधानाशेजारी ठेवण्याला. आबेल १८२९ साली सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. सिद्धतेतील नेमकी कोणती पायरी ढासळते हे सांगण्याचे काम त्याने मागे ठेवले.

ती पायरी ‘आपापला’ आणि ‘एकच’ यांच्या मधली होती. कोशीचा युक्तिवाद थोडक्यात असा: श्रेढी अभिसारी आहे, म्हणून पुरेशी पदे घेतली की उरलेला शेष हवा तितका लहान होतो, आणि मर्यादित पदांची बेरीज तर संततच असते. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती? प्रत्येक x ला आपापली पुरेशी संख्या असते, एवढेच अभिसरणाने दिलेले आहे. युक्तिवादाला मात्र सगळ्या x ना एकच संख्या पुरेल अशी गरज आहे. कोशीचे ‘नेहमीच अभिसारी’ हे शब्द वेगळ्या, अधिक कडक अर्थाने वाचले तर त्याचे विधान वाचवता येते, असा पक्ष काही इतिहासकार मांडतात. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. एवढे मात्र खरे की १८५३ साली कोशीने स्वतःच विधान दुरुस्त करून मांडले, आणि तसे करताना आबेलच्या उदाहरणाशी जवळचे नाते असलेल्या sin x + (1/2) sin 2x + (1/3) sin 3x + … या श्रेढीत त्याने x ला स्थिर न ठेवता 1/n ही किंमत दिली. म्हणजे पदांची संख्या n वाढत जाते आणि बिंदूही तिच्याबरोबर शून्याकडे धावत जातो. अशा धावत्या बिंदूवर उरलेला शेष शून्याकडे जात नाही, तो ०.६२ च्या आसपास स्थिरावतो. या धावत्या बिंदूची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी कसोटी तिच्यावरच चालते.

दरम्यान कोशीच्या आधीच काही जणांनी ही वस्तू पाहिली होती. १८३८ मध्ये गुडरमान याने अभिसरणाच्या सर्वत्र सारख्या गतीचा उल्लेख केला. त्याचा विद्यार्थी वायरश्ट्रास याने १८४१ च्या एका टिपणात ही कल्पना जाणीवपूर्वक वापरली, परंतु ते टिपण छापले गेले १८९४ साली. इंग्लंडात स्टोक्स आणि जर्मनीत सायडेल हे एकमेकांना न विचारता १८४७ च्या सुमारास त्याच ठिकाणी पोहोचले. नावांचा प्रकार मोठा मौजेचा आहे. सायडेलने नाव दिले ते दोषाला: ‘वाटेल तितके मंद’ अभिसरण. वायरश्ट्रासने नाव दिले ते गुणाला: ‘सारख्या मापाचे’ अभिसरण. एकाने रोगाचे नाव ठेवले, दुसऱ्याने निरोगीपणाचे. आणि भाषांतून टिकले ते दुसरेच. मराठीत आपण त्याला ‘एकसमान अभिसरण’ म्हणतो. हा शब्द फारसा भाग्यवान नाही. तो ऐकून विद्यार्थ्याला वाटते, फलनाची मूल्ये सर्वत्र समान आहेत. समान असते ते मूल्य नव्हे. समान असते ती मुदत.

श्रेढी सोडून आता फलनांची एक साधी क्रमिका हाती घ्यावी, आणि 0 ते 1 या अंतरालावरच थांबावे:

f_n(x) = n² x (1 − x)ⁿ

प्रथम x स्थिर ठेवून n वाढवावा. x = 0 असेल तर पहिलाच गुणक शून्य; x = 1 असेल तर शेवटचा. मधल्या कोणत्याही x साठी 1 − x ही संख्या एकाहून लहान असते, आणि अशा संख्येचा n वा घात इतक्या वेगाने क्षीण होतो की n² ची वाढ त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर सीमा शून्य. येथवर कोणाला शंका नसते. पण आकडे मांडून पाहिले तर गोष्ट इतकी शांत दिसत नाही. x = 0.1 या बिंदूवर n = 10 असता मूल्य सुमारे ३.५ असते, n = 20 ला ते ४.९ पर्यंत वाढते, आणि n = 100 ला ०.०२७ इतके खाली येते. x = 0.01 येथे मात्र n = 100 ला मूल्य ३६.६ असते, n = 1000 ला अद्याप ०.४३ उरलेले असते, आणि दोन हजाराच्या सुमारास ते नजरेआड होते. दोन्ही बिंदू शेवटी शून्यावर येतात. परंतु प्रत्येकाची मुदत आपापली, आणि शून्याच्या जितके जवळ जावे तितकी ती लांबत जाते. सगळ्यांना पुरेल अशी एकच मुदत सापडेल काय, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मिळवण्याची रीत सरळ आहे, फक्त क्रम उलटा करावा लागतो. आता n स्थिर ठेवावा आणि x ला सगळ्या अंतरालात फिरू द्यावे. F_n आणि सीमाफलन यांच्यात सर्वांत मोठे अंतर कोठे पडते ते शोधावे. आणि मगच n वाढवावा. येथे सीमाफलन शून्य असल्याने f_n चेच महत्तम मूल्य हवे. अवकलज काढला तर तो n²(1 − x)ⁿ⁻¹ [1 − (n + 1)x] असा येतो, आणि कंस शून्य होतो तो x = 1/(n + 1) या ठिकाणी. तेथील मूल्य

M_n = n · (n/(n + 1))ⁿ⁺¹

कंसाचा घात n वाढेल तसा 1/e म्हणजे सुमारे ०.३६८ कडे जातो. म्हणजे शिखराची उंची शून्याकडे जाण्याऐवजी n/e च्या बेताने वाढतच राहते. M_n शून्याकडे जात नाही, म्हणून अभिसरण एकसमान नाही, कसोटी संपली. शिखराची जागा 1/(n + 1) हाच तो कोशीचा धावता बिंदू. एखाद्या ठरावीक ठिकाणी पहारा करणाऱ्याला ते शिखर एकदा समोरून जाताना दिसते आणि मग सारे शांत होते; शिखर मात्र नाहीसे झालेले नसते, ते डावीकडे सरकून अधिक उंच झालेले असते. आलेख काढताना दहा-वीस ठरावीक बिंदू घेऊन समाधान मानणाऱ्यांची फसगत येथेच होते: मोठ्या n साठी शिखर पहिल्या दोन बिंदूंच्या मधोमध बसते आणि कागदावर उमटते ती निव्वळ सपाट रेषा.

आता समाकलाकडे वळावे. 1 − x च्या जागी u घेतला तर x(1 − x)ⁿ चा 0 ते 1 समाकल 1/(n + 1) − 1/(n + 2), म्हणजे 1/((n + 1)(n + 2)) असा तोंडीच निघतो. त्याला n² ने गुणावे. n = 100 ला क्षेत्रफळ ०.९७१, n = 1000 ला ०.९९७, आणि सीमा १. याउलट आधी सीमा घेऊन मग समाकल केला तर शून्याचा समाकल शून्यच. एकीकडे एक, दुसरीकडे शून्य. सीमा आणि समाकल यांची अदलाबदल येथे साफ निषिद्ध आहे. हे एक माप क्षेत्रफळ गेले कोठे? δ ही कितीही लहान धन संख्या निश्चित करून δ ते 1 एवढाच भाग पाहिला, तर n मोठा होताच शिखर δ च्या डावीकडे निघून जाते, उरलेल्या भागात वक्र उतरताच असतो, त्याचे महत्तम मूल्य δ वरच पडते आणि ते शून्याकडे जाते. म्हणजे त्या भागावर अभिसरण एकसमान आहे आणि तेथे अदलाबदल निर्धोक आहे. सगळे क्षेत्रफळ 0 ते δ या फटीत कोंबले गेले आहे. शिखराची उंची n च्या पटीत वाढते, त्याची रुंदी 1/n च्या पटीत घटते, आणि दोहोंचा गुणाकार टिकून राहतो.

अभिसरण एकसमान असते तर असे का घडले नसते, हे एका ओळीत सांगता येते. दोन समाकलांतील अंतर हे फलनांतील अंतराच्या समाकलाहून मोठे नसते, आणि तो समाकल M_n गुणिले अंतरालाची लांबी याहून मोठा नसतो. लांबी निश्चित, M_n शून्याकडे. म्हणून अंतर शून्याकडे. सबंध सिद्धता एवढीच.

पण नेमके येथेच विद्यार्थी दुसरी चूक करतो, आणि ती पहिलीहून अधिक सूक्ष्म असते. एकसमानता असेल तर अदलाबदल चालते, हे शिकल्यावर तो मनाशी म्हणतो, एकसमानता नसेल तर चालत नाही. उत्तरपत्रिकेत M_n शून्याकडे जात नाही असे दाखवून तो खाली रेघ मारतो आणि लिहितो: ‘म्हणून अदलाबदल करता येत नाही.’ वरच्या उदाहरणात n² च्या जागी नुसता n ठेवला की या ‘म्हणून’चे काय होते ते दिसते. n x (1 − x)ⁿ या क्रमिकेचे शिखर त्याच ठिकाणी, 1/(n + 1) वर, आहे. उंची 1/e कडे जाते. शून्याकडे नाही, म्हणून अभिसरण एकसमान नाही. परंतु क्षेत्रफळ n/((n + 1)(n + 2)), आणि ते शून्याकडेच जाते. अदलाबदल बिनबोभाट पार पडते. शिखर उंचीने टिकते, पण रुंदीने झिजत जाते, आणि समाकलाला काळजी असते ती क्षेत्रफळाची.

आबेलची श्रेढीसुद्धा याच वर्गातली आहे. तिच्या बेरजेला कडा आहे, म्हणून तिचे अभिसरण 0 ते π वर एकसमान असूच शकत नाही. तरीही पदागणिक समाकल करून पाहावे. x/2 चा 0 ते π समाकल π²/4. पदांपैकी सम क्रमांकांची पदे शून्य देतात, विषम k चे पद 2/k² देते. आणि विषम संख्यांच्या वर्गांच्या व्यस्तांची बेरीज π²/8 असते हे ऑयलरच्या काळापासून ठाऊक आहे. तिची दुप्पट π²/4. दोन्ही बाजू जुळतात. फूर्येने आपले गुणक काढताना श्रेढीचा पदागणिक समाकल केला, आणि त्यासाठी त्याच्यापाशी पुरेसे कारण नव्हते. उत्तरे मात्र बहुधा बरोबर येत गेली. ती का येत गेली याचा खुलासा एकसमानतेने होत नाही. तो इटालियन गणितज्ञ आर्झेला याच्या १८८५ च्या प्रमेयाने होतो: सगळी फलने एकाच मर्यादेच्या आत राहत असतील आणि सीमाफलनाचा समाकल अस्तित्वात असेल, तर बिंदुशः अभिसरण पुरते. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष होते. एकसमान अभिसरण सीमाफलनाची समाकलनीयता आपणहून पदरात घालते. आर्झेलाच्या प्रमेयात ती आधी मागून घ्यावी लागते.

मग मर्यादाच नसेल तर? n² आणि n यांच्या मधला n^(3/2) हा गुणक घेऊन पाहावा. शिखराची उंची आता √n च्या बेताने अमर्याद वाढते. एकसमानता नाही, आर्झेलाची अटही मोडली. तरी क्षेत्रफळ n^(3/2)/((n + 1)(n + 2)) शून्याकडेच जाते. आर्झेलाच्या प्रमेयाच्याही पलीकडे एखादे कारण असले पाहिजे. ते शोधायचे तर सगळ्या वक्रांना एकाच वेळी वरून झाकील असे एखादे पांघरूण मिळते का ते पाहावे. गुणक n^p असेल तर x स्थिर ठेवून सर्व n मधील सर्वांत मोठे मूल्य शोधावे: (1 − x)ⁿ हे e^(−nx) हून मोठे नसते, आणि n^p e^(−nx) चे महत्तम मूल्य (p/(ex))^p हून वर जात नाही. म्हणजे सारे वक्र एका स्थिरांकाच्या पटीतील x^(1−p) या वक्राखाली सामावतात. p = 3/2 असता पांघरूण 1/√x च्या पटीत; ते शून्यापाशी उंच जाते खरे, पण त्याखालील क्षेत्रफळ सांत असते. p = 2 असता पांघरूण 1/x च्या पटीत, आणि 1/x खालील क्षेत्रफळ शून्यापाशी अनंत. विसाव्या शतकाच्या आरंभी लबेगने सिद्ध केलेले प्रमेय हेच म्हणते: सांत क्षेत्रफळाचे एकच पांघरूण सगळ्यांना पुरत असेल तर अदलाबदल करावी. आपल्या कुटुंबात तर पांघरूण फाटते त्याच घातांकावर अदलाबदलही मोडते. हे इतके नेमके जुळणे नेहमीचे नव्हे. पांघरूण नसतानाही अदलाबदल साधते अशी उदाहरणे रचता येतात. ‘एकच’ हा शब्द येथेही आला, पण मुदतीला सोडून तो पांघरुणाला चिकटला, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकसमानतेच्या बाजूनेही एक फट राहते. वरच्या एका ओळीच्या सिद्धतेत ‘लांबी निश्चित’ असे दोन शब्द होते. अंतराल अमर्याद असेल तर ते शब्द खोटे ठरतात. 0 ते n एवढ्या पट्टीवर 1/n आणि पलीकडे शून्य असे फलन घ्यावे. त्याचे महत्तम मूल्य 1/n. ते शून्याकडे जाते, म्हणजे सबंध धन अक्षावर अभिसरण निर्विवाद एकसमान आहे. क्षेत्रफळ मात्र n गुणिले 1/n, प्रत्येक वेळी एक. मघाशी जे क्षेत्रफळ शून्यापाशी टोकदार होऊन लपले होते, ते आता पातळ पसरून क्षितिजाकडे निघून जाते. आणि येथे पांघरूण शोधू गेले तर n − 1 ते n या टप्प्यावर त्याची उंची निदान 1/n तरी हवी. म्हणजे त्याखालचे क्षेत्रफळ 1 + 1/2 + 1/3 + … याहून कमी नाही, आणि ही बेरीज अनंत आहे.